मधल्या सुट्टीचा नकाशा

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्याच स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला. महिनाभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रार पेटी, सखी सावित्री समिती, गैरप्रकार घडल्यास चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं, अशी ती यादी होती. यातलं बरंचसं आधीच कागदावर होतं. तक्रार पेटीचा आदेश २०१७ चा, सखी सावित्री समितीचा मार्च २०२२ चा. नवा जोर होता तो कॅमेऱ्यावर. राज्यातल्या इतर शाळांप्रमाणे रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोह्याच्या शाळांनाही तो निर्णय लागू झाला. त्यानंतरच्या पालक सभांमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: कॅमेरे बसवले का?

प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. कॅमेरा स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत जातो आणि तिथंच थांबायला हवा. आत कोण गेलं, किती वेळानं बाहेर आलं, एवढं तो सांगेल. आत सातवीतल्या मुलाची चड्डी खेचून इतरांनी हसणं, कुणाचा डबा मुतारीत उपडा करणं, पाचवीतल्या मुलाला कडी लावून कोंडणं यातलं काहीही त्याला दिसत नाही. शिवाय बदलापूरचा धोका होता एका प्रौढ कर्मचाऱ्याचा. मुलांच्या रोजच्या छळात त्रास देणारा बहुधा त्याच गणवेशात असतो, त्याची पोलीस पडताळणी करता येत नाही. जागा मात्र बहुतेक वेळा त्याच असतात: शौचालय, मागचा जिना, जिन्याखालची अडगळ, प्रयोगशाळा आणि कंपाउंड भिंत यांच्यामधली बोळकांडी. या जागा शोधायची जी रीत जगभर वापरली जाते, ती म्हणजे सुरक्षा फेरी. शाळेचा नकाशा हातात घ्यायचा, मुलांकडून त्यावर खुणा करवून घ्यायच्या आणि मग प्रत्यक्ष चालत जाऊन त्या जागा तपासायच्या. या रीतीत काय आहे, ती कुठं चालते, कुठं फसते आणि पेण-रोह्यासारख्या गावांत तिला काय वेगळं करावं लागेल, याचा हा आढावा.

रीतीचं मूळ शाळेत नाही, शहरात आहे. १९८९ च्या सुमारास कॅनडातल्या टोरांटोमध्ये मेट्रॅक या संस्थेनं स्त्रियांना सोबत घेऊन रस्ते, स्टेशनं, बोगदे पायी तपासायला सुरुवात केली. दिवा आहे का, हाक मारली तर कुणाला ऐकू जाईल का, पळायला दुसरी वाट आहे का, हे त्यांचे प्रश्न. पुढे दिल्लीत जागोरी या संस्थेनं तीच पद्धत भारतीय रस्त्यांवर आणली. शाळेसाठी तिला नेमका आकार दिला तो रॉन अवी अॅस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी अमेरिकेतल्या पाच माध्यमिक शाळांमध्ये विद्यार्थी आणि शिक्षकांच्या हातात शाळेचे नकाशे दिले आणि हिंसक प्रसंग कुठं, किती वाजता घडले ते खुणावायला सांगितलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १६६ प्रसंगांची नोंद आहे. ते मुख्यतः व्हरांडे, जेवणाची जागा, वाहनतळ अशा ठिकाणी घडले होते, जिथं त्या वेळी सहसा कुणी मोठं माणूस नसायचं. अॅस्टरनं त्या जागांना बेवारस जागा म्हटलं. शिक्षक आपल्या वर्गाचे मालक असतात, व्हरांड्याचा मालक कुणी नसतो. वर्गात मारामारी झाली तर ती आपली जबाबदारी आणि त्याच दाराबाहेर चार पावलांवर झाली तर मुख्याध्यापकांची, असं शिक्षकांच्या बोलण्यातून दिसत होतं.

या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यानं जागेला वेळ जोडली. जिना सकाळी दहा वाजता निरुपद्रवी असतो. तोच जिना बारा वाजून दहा मिनिटांनी वेगळा असतो. नकाशावर नुसता लाल ठिपका काढून भिंतीला आरसा लावणारी शाळा अर्धंच काम करते.

न्यूयॉर्कमधल्या तीस मिडल स्कूलमध्ये नॅन स्टाइन आणि ब्रूस टेलर यांनी केलेला प्रयोग आणखी पुढचा आहे. काही शाळांत सहावी-सातवीच्या मुलांना वर्गात फक्त पाठ दिले गेले. काही शाळांत इमारतीच्या पातळीवर काम झालं: मुलांनी नकाशावर असुरक्षित जागा रंगवल्या, त्या जागांवर शिक्षकांची उपस्थिती वाढवली, भित्तिपत्रकं लावली, त्रास देणाऱ्यानं अमुक मुलीपासून दूर राहावं असे शाळेच्या पातळीवरचे लेखी निर्बंध घातले. निष्कर्ष असा की लैंगिक छळ कमी होण्यात इमारतीतल्या कामाचा वाटा दिसला, नुसत्या पाठांचा दिसला नाही. मूल्यशिक्षणाच्या तासावर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या व्यवस्थेनं हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

आता एक अडचण. वेंडी क्रेग आणि डेब्रा पेप्लर यांनी टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून आणि दुरून चित्रण करून पाहिलं. साधारण दर सात मिनिटांनी छळाचा एक प्रसंग घडत होता, सरासरी अडतीस सेकंदांचा. मोठ्यांनी हस्तक्षेप केला तो शंभरातल्या चार प्रसंगांत. अडतीस सेकंदांत होणारी गोष्ट दहा मिनिटांनी फेरी मारणाऱ्या शिक्षकाला सापडणार कशी? ती सापडत नाहीच. म्हणून जिन्यावर उभ्या असलेल्या बाईंचं काम चोर पकडण्याचं नाही, तिथं नुसतं असण्याचं आहे. नॉर्वेच्या डॅन ओल्वेयस यांना त्यांच्या अभ्यासात हेच दिसलं होतं: मधल्या सुट्टीत देखरेखीला जितके जास्त शिक्षक, तितका छळ कमी. सीसीटीव्हीचं चित्रण मुख्याध्यापकांनी नंतर पाहणं आणि त्या क्षणी माणूस तिथं असणं, या दोन गोष्टींत हा फरक आहे.

पण माणूस आणायचा कुठून? इथं रायगडच्या शाळेची खरी नस आहे. पूर्वी अनुदानित हायस्कूलमध्ये शिपाईमामा आणि मावशी असत. घंटा देणं, पाणी भरणं, वर्ग झाडणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम, पण त्यापलीकडं एक काम ते न सांगता करत: ते वावरत असत. कोण कोणाच्या मागे लागलंय हे मामांना मुख्याध्यापकांच्या आधी कळायचं. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांतली शिपायांची पदं टप्प्याटप्प्यानं संपवून त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता द्यायचं ठरलं. भत्त्यात तासाभराची झाडलोट होते, दिवसभराचा वावर मिळत नाही. एकीकडे मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ स्त्री कर्मचारी हवी असं सगळेच म्हणतात आणि दुसरीकडे ती जिच्यावर नेमायची ती जागाच आटत जाते. सुरक्षा फेरीत सापडलेल्या जागांचा तक्ता करून त्यात ‘जबाबदार व्यक्ती’ हा रकाना भरायला घेतला की हे उघडं पडतं. निदान एवढ्यासाठी तरी तो रकाना कोरा सोडून चालत नाही.

प्रत्यक्षात हे कसं करायचं, ते एका शाळेवर करून पाहू. शाळा कल्पनेतली आहे, तिचे भाग मात्र पेण किंवा रोह्याच्या कोणत्याही जुन्या हायस्कूलमध्ये ओळखीचे वाटावेत. तळमजला आणि वर दोन मजले, मैदानाला तीन बाजूंनी वेढणारी इमारत. पुढे मोठा जिना, मागे अरुंद जिना. मागच्या जिन्याखाली मोडक्या बाकांची खोली. मुलांची मुतारी मैदानाच्या कोपऱ्यात, मुलींचं स्वच्छतागृह तळमजल्याच्या टोकाला, मागच्या जिन्याला लागून. आठवी ते दहावी सकाळच्या सत्रात, सात ते बारा दहा. पाचवी ते सातवी दुपारच्या, बारा वीस ते पाच वीस. निम्मी मुलं गावातली, निम्मी एसटीनं येणारी: पेणला वडखळ, हमरापूर, जोह्याकडून, रोह्याला कोलाड, धाटाव, चणेऱ्याकडून.

पहिलं काम नकाशाचं. इमारतीचा मंजूर आराखडा मिळाला तर उत्तम, नाहीतर चित्रकलेच्या शिक्षकांनी हातानं काढलेला चालतो. प्रमाण अचूक नसलं तरी दारं, जिने, नळ, फाटक आणि टाकी बरोबर जागी हवी. प्रत्येक मजला वेगळ्या कागदावर. त्याच्या प्रती काढायच्या आणि मुलांच्या आधी शिक्षकांना भरायला द्यायच्या. शिक्षक सहसा फाटक आणि मैदान दाखवतात, कारण भांडणं त्यांच्यापर्यंत येतात ती तिथली. हा नकाशा बाजूला ठेवायचा, तो पुढे लागतो.

मुलांचा नकाशा एका तासिकेत होतो. मुलं आणि मुली वेगवेगळ्या वर्गांत, लहान आणि मोठी वेगवेगळी. वर्गशिक्षकानं तिथं थांबू नये, कारण तक्रार त्यांच्याबद्दलही असू शकते. कागदावर नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. ‘तुमचा छळ कुठे होतो?’ असं विचारलं तर कागद कोरे येतात. रोजच्या कृती विचाराव्या लागतात: ढकललं, अडवलं, डबा किंवा पैसे घेतले, नको तिथं हात लावला, जातीवरून किंवा वाडीवरून चिडवलं, फोटो काढला. दोन रंग पुरतात. इथं काहीतरी घडलेलं मी पाहिलं किंवा सोसलं, त्याला लाल. इथं मी जायचं टाळतो किंवा टाळते, त्याला निळा. ठिपक्याशेजारी वेळेचं एक अक्षर: प्रार्थनेआधी, मधली सुट्टी, ऑफ तास, सत्र बदलताना, सुटल्यावर. लिहिणं कमी ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे वीटभट्टीवरून परतलेली कातकरी मुलं. लेखन मागे पडलेलं असतं, म्हणून त्यांचं म्हणणंच वगळलं जातं आणि चिडवणं सर्वांत जास्त वाट्याला येतं ते बहुधा त्यांच्याच. ठिपका सगळ्यांना काढता येतो.

निळ्या रंगाकडं मी लालपेक्षा जास्त लक्ष देईन. जिथं मुलं जातच नाहीत, तिथं प्रसंग घडत नाहीत, म्हणून लाल ठिपकाही नसतो. मुलींच्या स्वच्छतागृहावर दोन लाल आणि चाळीस निळे ठिपके आले तर ती जागा सुरक्षित आहे असा अर्थ लावणारी समिती चुकली. त्या मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत आणि पाळीच्या दिवसांत घरी राहतात, एवढंच त्या निळ्या रंगातून कळतं.

आता ठिपके मोजायचे. ट्रेसिंग पेपर एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावले की दाटी डोळ्यांना दिसते. पण नुसती बेरीज फसवते. एका वर्गातल्या सहा मित्रांनी ठरवून एकाच जागी खूण केली तर सहा ठिपके येतात. म्हणून एका जागेवर किती वेगवेगळ्या वर्गांच्या आणि गटांच्या खुणा आल्या, ते पाहायचं. आपल्या कल्पित शाळेत समजा असं निघालं: मागच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर पाचवी आणि सहावीच्या चारही तुकड्यांतून लाल खुणा आल्या आणि त्यांच्याजवळ अक्षर एकच, सत्र बदलतानाचं. शिक्षकांच्या नकाशावर त्या वळणावर एकही खूण नाही.

फेरी यानंतर काढायची, आधी नाही. कुठं बघायचं हे आता ठाऊक असतं. फेरीत पर्यवेक्षक, एक शिक्षिका, मावशी किंवा मामा असतील तर ते, सखी सावित्री समितीतलं कुणी, माता-पालक संघातली एक आई. विद्यार्थी प्रतिनिधी दोनच, आणि त्यांनी फक्त वाट दाखवायची, ‘इथं कोण त्रास देतं’ हे त्यांना सर्वांसमोर विचारायचं नाही. फेरी रविवारी रिकाम्या शाळेत काढली तर काहीही हाती लागत नाही. ती बारा दहाला काढायची.

बारा दहाला मागच्या जिन्याच्या वळणावर उभं राहिलं की कारण दिसतं. सकाळचे शिक्षक शिक्षक खोलीत वह्या आवरताहेत. दुपारचे फाटकातून आत येताहेत. दहावीची मुलं उतरताहेत, पाचवीची चढताहेत आणि जिना दोन मुलांना शेजारी शेजारी जाता येईल इतकाच रुंद. घंटेपासून घंटेपर्यंत दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत शाळा सकाळची नसते आणि दुपारचीही नसते. पाचवीतल्या मुलाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण चार फुटांवर डोळे आणून पाहिलं तर जिन्याचा विटांचा कठडा त्याच्या डोळ्यांइतकाच येतो. वरून कुणाला तो दिसत नाही, त्याला वरचं काही दिसत नाही. वळणावरून साध्या आवाजात हाक मारली, तर मैदानाच्या गलक्यात ती पहिल्या मजल्यावर पोहोचत नाही. खालची बाकांची खोली उघडी आहे आणि तिची किल्ली कुणाकडं आहे, हे तिघांना विचारल्यावर तीन उत्तरं येतात.

प्रत्येक जागेला विचारायचे प्रश्न हे एवढेच असतात: इथून जवळचा मोठा माणूस कुठं दिसतो, हाक कुठवर जाते, बाहेर पडायच्या वाटा किती, दिवा लागतो का, कडी कुणाच्या हातात आहे. स्वच्छतागृहात कडीचा प्रश्न दोनदा विचारावा लागतो. आतल्या प्रत्येक दाराला आतून नीट लागणारी कडी हवी आणि अडचणीत ती बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता यायला हवी. बाहेरची, म्हणजे बोळाच्या तोंडाची सामायिक कडी मात्र असूच नये. मुलांना कोंडलं जातं ते त्या बाहेरच्या दारानं. ते दार काढून तिथं आडवी आडोशाची भिंत घातली की आतलं दिसत नाही, पण आवाज बाहेर येतो. हात धुण्याचे नळ आडोशाच्या बाहेर, व्हरांड्यात आणले तर घोळका आत साचत नाही. हे काम एका गवंड्याच्या दोन-तीन दिवसांचं आहे आणि कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आहे.

कल्पित शाळेच्या जिन्याचा उपाय तर याहून सोपा निघतो. दहावीला बारा पाचला पुढच्या जिन्यानं सोडायचं, मागचा जिना बारा ते बारा वीस फक्त चढण्यासाठी ठेवायचा. बाकांची खोली रिकामी करून तिचं दारच काढून टाकायचं. सकाळच्या सत्रातल्या शेवटच्या तासाला ज्यांना ऑफ तास आहे, त्या शिक्षकांपैकी एकानं वळणावर उभं राहायचं, आणि आठवड्याचं ते वेळापत्रक शिक्षक खोलीत नावानिशी लावायचं. ‘सर्व शिक्षकांनी लक्ष ठेवावे’ ही सूचना म्हणजे कुणीच लक्ष न ठेवण्याची सोय.

कोकणात या नकाशाला एक दुसरी प्रत लागते, ती पावसाची. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मैदान चिखलाचं तळं होतं. मधल्या सुट्टीत जी मुलं मैदानभर पांगलेली असतात ती व्हरांड्यात आणि जिन्यांवर येतात. मैदानाच्या कोपऱ्यातल्या मुतारीकडं जायला छत नसेल तर मुलं जवळचा आडोसा शोधतात आणि मग त्या आडोशाला मालक तयार होतात. दुपारीच अंधारून येतं, त्यात वीज गेली की मागचा जिना काळोखा. जानेवारीत केलेला नकाशा जुलैत खोटा ठरतो. वर्षातून एकच फेरी काढायची असेल तर ती जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, भर पावसात काढावी. त्याचा आणखी एक फायदा: दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबं तोवर परतलेली असतात, त्यांची मुलं वर्गात असतात. हिवाळ्यातल्या नकाशात ती सापडायचीच नाहीत.

तालुक्यातल्या लहान जिल्हा परिषद शाळांना हे सगळं ओझं वाटेल आणि ते बरोबर आहे. दोन शिक्षकी शाळेत मागचा जिना नसतो. तिथला प्रश्न शौचालयाला पाणी आहे का आणि किल्ली गुरुजींच्या खिशात असते की दाराला, एवढ्यावर संपतो. तिथं नकाशाऐवजी पाच मुलांसोबत शाळाभर चालणं पुरे.

आश्रमशाळा मात्र वेगळी. जिल्ह्यातल्या शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळा पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. तिथं मूल चोवीस तास असतं. दिवसाचा नकाशा तिथं फार थोडं सांगतो. फेरी रात्रीच्या जेवणानंतर निघायला हवी आणि पुन्हा पहाटे, आंघोळीच्या वेळी. झोपायच्या खोलीपासून शौचालयापर्यंतची वाट किती पावलांची, तिच्यावर किती दिवे, त्यातले किती लागतात, आणि रात्री दोन वाजता सहावीतली मुलगी कुणाला उठवून सोबत नेते. अधीक्षिका त्याच आवारात राहते का, हा प्रश्न तक्त्यात पहिल्या ओळीत हवा. मोठी मुलं लहानांकडून कपडे धुऊन घेतात, ते कुठं आणि केव्हा, हेही. आंघोळीच्या हौदाजवळ रांग असते तेव्हा देखरेख कुणाची, याचं उत्तर बऱ्याचदा वरच्या वर्गातला मुलगा असं येतं, आणि तक्रारही त्याच्याबद्दलच असू शकते.

ही रीत फसते ती काही ठरावीक ठिकाणी. सर्वांत वाईट म्हणजे कुलूप. लाल ठिपके मुतारीवर आले म्हणून तासाच्या वेळी ती बंद, मधल्या सुट्टीतच उघडी. यानं सगळी गर्दी त्याच सुट्टीत येते, म्हणजे ज्या वेळी धोका जास्त त्या वेळी आणखी मुलं. आणि शिक्षा भोगतं ते सोसणारं मूल. दुसरी चूक नकाशा सूचना फलकावर लावण्याची. त्यातून जागा कळतात, पण सातवी ‘ब’नं काय सांगितलं हेही कळतं. कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावेत आणि फलकावर फक्त बदललेल्या गोष्टी याव्यात: जिना एकमार्गी, नळ बाहेर, अमुक वेळी अमुक सर. तिसरी गोष्ट अशी की ठिपका काढताना एखादी मुलगी कागदाच्या मागे चार ओळी लिहून टाकते आणि त्या ओळी लैंगिक अत्याचाराच्या असतात. त्या क्षणी ती गोष्ट नकाशाची राहत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला हे कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. बदलापूर प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनावर हेच कलम लागलं. म्हणून सुरुवातीलाच मुलांना ‘हे कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. नाव लिहू नका, पण कुणाला खरंच गंभीर त्रास झाला असेल तर आम्ही मदत आणू, आणि १०९८ हा क्रमांक असा, एवढंच सांगावं.

कायद्याचा दुसरा धागा शाळा सहसा विसरतात. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा महाविद्यालयांचा समजला जातो, पण त्याच्या व्याख्येत शिक्षण देणारी कोणतीही संस्था बसते. लेखी तक्रार आली तर प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. नकाशात एका जागेवर एकाच टोळक्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा आला तर ‘मुलांची मस्ती’ म्हणून कागद बाजूला ठेवणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे वाचलेलं बरं.

काय साधलं ते कसं ओळखायचं? सहा-आठ आठवड्यांनी तोच नकाशा पुन्हा भरून घ्यायचा. लाल ठिपके लगेच घटले तर मी थोडा संशय घेईन. नीट चाललेल्या शाळेत तक्रारी आधी वाढतात, कारण सांगून उपयोग होतो हे मुलांना कळतं. भरवशाची खूण निळ्या रंगात आहे, तो घटला पाहिजे. मावशींना विचारलं तर त्या सांगतील मुलींच्या बाजूला पाणी जास्त लागतंय का. आणि ठिपके सरकतात. मागच्या जिन्यावरून निघालेला ठिपका सायकल स्टँडवर उगवतो, तिथून फाटकाबाहेरच्या वडापाव गाडीपाशी. सरकलेला ठिपका म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. बंद जिन्यातला त्रास उघड्या रस्त्यावर आला की तो कमी वेळ टिकतो आणि जास्त डोळ्यांना दिसतो. पण त्याच्या मागे जावं लागतं. काही त्रास नकाशावर कधीच येत नाही: वर्गातच, शिक्षकांसमोर, टोपणनावानं होणारा, शिक्षकांनी स्वतः केलेला आणि रात्री व्हॉट्सअॅपच्या गटात चाललेला. त्यासाठी वेगळी साधनं लागतात. सुरक्षा फेरीकडून ते अपेक्षू नये.

पेण-रोह्यात ठिपका सरकून पोहोचतो तो बहुतेकदा एसटी स्टँडवर. शाळा पाच वीसला सुटते, कोलाडकडची किंवा हमरापूरकडची गाडी सुटायला अजून पाऊण तास असतो. गणवेशातली शंभरेक मुलं तेवढा वेळ फलाटांच्या टोकाला आणि स्टँडच्या शौचालयामागे. शाळा म्हणते फाटकाबाहेरचं आमच्याकडं नाही. आगारप्रमुख म्हणतील मुलं शाळेची. पण दोन्ही गावांत आगार आहे आणि गाडीच्या वेळा तिथंच ठरतात. मुलांनी भरलेला नकाशा सोबत जोडून, पास असलेल्या विद्यार्थ्यांची गावनिहाय संख्या देऊन, गाडी वीस मिनिटं आधी सोडण्याचं पत्र मुख्याध्यापकांनी द्यावं. वेळापत्रक बदलेपर्यंत पाऊण तासापुरती एका पालकाची आणि एका शिक्षकाची पाळी स्टँडवर लावावी. तक्त्यात त्या ओळीसमोरही नाव लिहायचंच आहे.